बसण्यापेक्षा उठणं सांभाळ

ताई, मला चौतिसावा आठवडा लागलाय. पहिलं बाळंतपण, म्हणून गेल्याच आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या माहेरी आले. इथे संडास परसात आहे आणि तो भारतीय पद्धतीचा आहे. पुण्याच्या घरी कमोड असल्यामुळे सवय मोडली आहे. बसता येतं, पण उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि एकदा तोल जाता जाता वाचले. रात्री तीन-चार वेळा जावं लागतं. जेवायला, भाजी निवडायला मी पहिल्यापासून खाली मांडी घालूनच बसते, तर शेजारच्या काकू म्हणतात, मांडी घातलीस की बाळाच्या गळ्यात नाळ अडकेल. आजी उलट म्हणते, रोज तासभर उकिडवी बस, बाळंतपण सोपं जाईल. सोनोग्राफी, बीपी सगळं ठीक आहे, हिमोग्लोबिन १०.२ आहे. मी नेमकं काय करू?

*

आधी काकूंचं आणि आजीचं बोलू, म्हणजे त्या भीतीतून तू मोकळी होशील. नाळ बाळाच्या गळ्याभोवती येते ती बाळ पोटातल्या पाण्यात फिरतं, गिरक्या घेतं म्हणून. जन्माच्या वेळी साधारण चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्यात नाळेचा वेढा सापडतो आणि त्यातली बहुतेक बाळं ठणठणीत असतात. आईची मांडी, आईचे हात वर करणं किंवा सुई-दोरा घेऊन शिवणं, यांचा त्या वेढ्याशी काही संबंध नाही. बाळ पाण्याच्या पिशवीत, गर्भाशयाच्या जाड स्नायूत आणि ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात बसलेलं आहे. मांडी घातल्याने ते चेपतही नाही.

आजीच्या म्हणण्यात अर्धा भाग खरा आहे. उकिडवं बसल्यावर ओटीपोटाचा खालचा दरवाजा थोडा मोकळा होतो, म्हणून कळा सुरू झाल्यावर काही बायकांना ती बैठक उपयोगी पडते. पण तो मोकळेपणा त्या बैठकीपुरताच असतो. आज तासभर उकिडवं बसून तो पुढच्या महिन्यासाठी साठवून ठेवता येत नाही. तासभर बसण्याने नुकसान मात्र होऊ शकतं, ते पुढे सांगते. आणि उलट बाजूची भीतीही काढून टाक. संडासला उकिडवं बसल्याने बाळ खाली घसरत नाही, पिशवीचं तोंड उघडत नाही. एक अपवाद आहे. वार खाली असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, रक्त किंवा पाणी जात असेल किंवा वेळेआधी कळा येत असतील, तर कसं बसायचं हे स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. तुझ्या चिठ्ठीत यातलं काही नाही.

माझं सगळं काम गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या फिजिओथेरपीचं आहे. खाली बसल्याने कुणाचं काही बिघडलेलं मी क्वचितच पाहिलं. बिघडतं ते उठताना, ओल्या फरशीवर, आणि एकाच बैठकीत फार वेळ काढल्यावर. तू जी अंधारी लिहिली आहेस, तिथूनच सुरुवात करते.

उकिडवं बसलं की गुडघ्यामागे आणि जांघेत शिरा दुमडल्या जातात. उठलीस की त्या एकदम मोकळ्या होतात आणि रक्त पायांकडे धावतं. गरोदरपणात रक्तवाहिन्या एरवीपेक्षा सैल असतात, त्यामुळे त्या पटकन आवळून रक्त वर ढकलू शकत नाहीत. दोन-चार क्षण मेंदूला रक्त कमी पडतं आणि डोळ्यांपुढे काळं येतं. त्यात कुंथलं असेल तर भर पडते, कारण श्वास कोंडून जोर लावला की हृदयाकडे परतणारं रक्त त्या वेळी कमी होतं. हिमोग्लोबिन १०.२ म्हणजे सौम्य रक्तक्षय आहे, गरोदरपणात ते ११ च्या वर हवं. तोही या अंधारीला हातभार लावतो. पोट पुढे आल्यामुळे शरीराचा भार पुढे सरकलेला असतो आणि सांधे बांधून ठेवणारे बंध सैल झालेले असतात. म्हणून अशा क्षणी तोल गेला की सावरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ओली फरशी देत नाही.

संडासात बसण्या-उठण्याची जी रीत मी बायकांना शिकवते, ती अशी. आत जाण्याआधी टमरेल किंवा मग भरून पुढे, उजव्या हाताशी ठेव, म्हणजे मागे वळावं लागणार नाही. कमरेतून वळणं आणि तोल सांभाळणं एकाच वेळी जमत नाही. पाय पायठ्यांवर पूर्ण टेकव आणि गुडघे इतके उघड की पोट मांड्यांच्या मध्ये मोकळं राहील. टाचा टेकल्या पाहिजेत. टाचा उचलल्या जात असतील तर सगळा भार चवड्यांवर येतो आणि माणूस पुढे झुकतो. अशा वेळी पूर्ण खाली बसण्याचा हट्ट करू नकोस, तुला कमोड खुर्ची लागेल, तिच्याबद्दल पुढे सांगते. हाताने आधार धरून, श्वास सोडत सोडत खाली जा.

झाल्यावर लगेच उठू नकोस. बसल्या बसल्या स्वच्छ हो, धुताना हात नेहमी पुढून मागे जाऊ दे, कारण या दिवसांत लघवीचा संसर्ग पटकन होतो. मग आधार धरून आठ-दहा वेळा एकेक टाच उचल आणि टेकव. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर चढतं. नजर समोरच्या भिंतीवर ठेव, खाली बघू नकोस. श्वास सोडत मांड्यांच्या जोरावर उठ. हात आधाराला असतील, ओढायला नाहीत. उभी राहिल्यावर आधार न सोडता मनातल्या मनात दहापर्यंत मोज. पाणी टाकणं, कपडे नीट करणं, दार उघडणं हे सगळं त्यानंतर. अंधारी येतेय असं वाटलं तर आधार धरून भिंतीला टेक आणि आईला हाक मार. चालायला लागू नकोस. पडण्याचे प्रसंग बहुतेक त्या पहिल्या दोन पावलांत होतात.

आता तो आधार कसला, हे महत्त्वाचं. नळ, दाराची कडी, पाण्याचा पाइप, टांगलेला दोर यांतलं काहीही आधार म्हणून धरू नकोस. नळ उपटून हातात येतो आणि दोर झोक्यासारखा हलतो. भावाला सांगून बाजूच्या भिंतीवर स्टीलची उभी दांडी बसवून घे. उंची इंचात सांगण्यापेक्षा शरीरावरून ठरवलेली बरी. तुझ्याच उंचीच्या कुणाला तरी, बहिणीला किंवा वहिनीला, पायठ्यांवर उकिडवं बसव. तिचा हात पुढे आणि बाजूला जिथे सहज पोचतो तिथे खडूने खूण कर. ती उभी राहिल्यावर कोपर किंचित वाकलेलं असताना हात जिथे येतो तिथे दुसरी खूण कर. दांडी या दोन खुणांच्या दरम्यान उभी असली पाहिजे, म्हणजे उठताना हात तिच्यावरून वर वर सरकवता येतो. ती पावलांच्या रेषेत किंवा थोडी पुढे हवी. मागे असेल तर खांदा पिळला जातो. स्क्रू नुसत्या गिलाव्यात न बसवता आतल्या विटेत घट्ट बसले पाहिजेत. भावाने स्वतः सगळं वजन टाकून दांडी ओढून पाहिल्याशिवाय तू ती धरायची नाहीस.

तिथेच आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. दार आत उघडतं की बाहेर? आत उघडत असेल आणि कुणी दाराशीच पडलं, तर बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. म्हणून आतून कडी लावू नकोस. दाराला बाहेरून एक ओढणी अडकवून ठेव, ओढणी दिसली की आत कुणी आहे एवढं घरात ठरवून टाका. आणि फरशी. परसातल्या संडासात पावसाळ्यात शेवाळ धरतं, साबणाच्या पाण्याचा बुळबुळीतपणा असतो. रोज दुपारी कुणीतरी खराट्याने घासून फरशी वाळू द्यावी. तुझ्या पायात तळव्याला खाचा असलेली, मागे पट्टा असलेली रबरी चप्पल असू दे. गुळगुळीत झालेल्या जुन्या स्लिपर टाकून दे.

खरं सांगायचं तर तुझ्यासारख्या अंधारी येणाऱ्या मुलीला मी दांडीबरोबर कमोड खुर्चीही सुचवते, आणि ती आणल्याने कुणी नाजूक ठरत नाही. लोखंडी पाइपची, मध्ये भोक असलेली ही खुर्ची भारतीय भांड्यावर तशीच ठेवता येते, खालची बादली काढायची. तालुक्याच्या गावी सर्जिकल सामानाच्या दुकानात विकत किंवा महिन्याच्या भाड्याने मिळते. आणताना चारही पायांना रबरी टोप्या आहेत ना आणि खुर्ची डुगडुगत नाही ना, एवढं पाहून घ्या. तिचे पाय पायठ्यांच्या बाहेर, सपाट जागी टेकले पाहिजेत. एकही पाय उतारावर येत असेल तर जागा बदला. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मध्ये भोक पाडून वापरणारे लोक मी पाहिले आहेत. ते करू नका. भोक पाडल्यावर बैठक चिरते आणि ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात.

खुर्चीवर बसून पोट साफ होत नाही अशी अनेकींची तक्रार असते, आणि ती खरी आहे. उकिडवं बसल्यावर गुदद्वाराजवळचा वाक सरळ होतो, खुर्चीवर तो पूर्ण सरळ होत नाही. म्हणून पायांखाली वीतभर उंचीचा, न घसरणारा पाट किंवा दोन विटा ठेव, म्हणजे गुडघे खुब्यांपेक्षा थोडे वर येतील. कोपरं मांड्यांवर टेकून पुढे झुक आणि कुंथण्याऐवजी तोंडाने लांब फुंकर घाल. पाच मिनिटांत झालं नाही तर उठून ये, पुन्हा कळ आली की जा. कुंथत बसल्याने मूळव्याधीचे कोंब बाहेर येतात, आणि या महिन्यांत ते लवकर जात नाहीत.

बद्धकोष्ठ कमी झालं तर खाली बसण्याचा निम्मा त्रास आपोआप कमी होईल. तुझ्या लोहाच्या गोळ्यांनी शौच घट्ट आणि काळं होतं, पण गोळ्या बंद करू नकोस, १०.२ वर तर नाहीच. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास तरी लांब ठेव, म्हणजे लोह अंगी लागेल. रात्री कोमट पाण्यातून इसबगोल घेतलं तरी चालतं, मात्र त्याबरोबर पाणी भरपूर हवं, नाहीतर तेच आतड्यात घट्ट होऊन बसतं. घरात कुणी एरंडेल पाजायला निघालं तर नको म्हण. त्याने जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि गर्भाशयही आवळू शकतं.

रात्रीच्या फेऱ्यांसाठी माझा सल्ला थोडा वेगळा आहे. तीन-चार वेळा झोपेतून उठून अंधारात परसात जाऊच नकोस. त्या कमोड खुर्चीला बादली लावून ती रात्री तुझ्या खाटेजवळ ठेव. लाज वाटेल, पण पहिल्या दोन रात्रीच. उठताना आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड, मिनिटभर बसून राहा आणि मग उभी राहा. लघवी होऊ नये म्हणून पाणी कमी पिणं मात्र चुकीचं आहे, त्याने अंधारी आणि बद्धकोष्ठ दोन्ही वाढतात. दिवसा भरपूर पी आणि झोपण्याआधीचा तास-दीड तास कमी घे. लघवी झाल्यावर थोडं पुढे झुकून पुन्हा एकदा कर, मूत्राशय नीट रिकामं झालं की पुढची फेरी लांबते.

आता मांडी. तुझी सवय लहानपणापासूनची आहे, त्यामुळे ती सोडण्याचं कारण नाही. फक्त सपाट जमिनीवर बसू नकोस. जुनी गोधडी किंवा सतरंजी चार-पाच बोटं जाडीची घट्ट घडी करून तिच्यावर बस. मऊ उशी नको, ती दबते. पाट असेल तर त्यावर घडी घाल. घडी पुरेशी आहे की नाही हे तुला लगेच कळेल. गुडघे खुब्यांच्या खाली उतरले, पाठ आपोआप सरळ झाली आणि पोट न दबता खोल श्वास घेता आला, तर उंची बरोबर आहे. गुडघे हवेत लटकत असतील तर त्यांच्याखाली एकेक उशी सरकव. पाठ भिंतीला टेकलेली असू दे. वरचा पाय दर दहा-पंधरा मिनिटांनी बदल, आणि अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाल.

फार वेळ बसण्याने काय होतं हे मी एका मुलीच्या पायात पाहिलं. छत्तीस आठवडे झाले होते आणि घरात कुरडयांचं काम होतं. ती सकाळपासून उकिडवी बसून काम करत होती, मधे फक्त पाणी प्यायला उठली. दुपारी उठली तेव्हा डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. नेहमीचंच म्हणून तिने पाय झटकला. संध्याकाळी चप्पल पायातून निसटायला लागली आणि चालताना पाऊल फरशीवर फटकन आपटायला लागलं. पंजा वर उचलता येत नव्हता. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या हाडाच्या डोक्याला वळसा घालून एक नस जाते. तिथे ती कातडीच्या अगदी जवळ असते आणि बराच वेळ उकिडवं बसलं किंवा पायावर पाय घट्ट ठेवला की चेपली जाते. तिला पट्टी बांधून, व्यायाम देऊन बरं व्हायला दीड महिना लागला, म्हणजे बाळ आलं तेव्हाही ती लंगडतच होती. मुंग्या उठल्यावर पाच-दहा मिनिटांत गेल्या तर काळजी नाही. त्यानंतरही बधीरपणा राहिला किंवा पंजा वर येत नसेल, तर त्याच दिवशी दाखव. एकच पोटरी सुजून लाल, गरम झाली आणि दुखत असेल तर तेही त्याच दिवशी, कारण गरोदरपणात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची शक्यता जास्त असते. तासभर उकिडवं बसण्याला मी नको म्हणाले ते यासाठी.

मांडीवरून उठताना समोरच्याने हात धरून ओढू नये. प्रेमाने ओढतात, पण त्या ओढीत ओटीपोटाचे सैल सांधे पिळले जातात. आधी मांडी सोड, दोन्ही पाय एका बाजूला घे, हात टेकून गुडघ्यांवर ये, म्हणजे रांगत्या बाळासारखी. मग एक पाऊल पुढे टेकव, हात खुर्चीच्या किंवा खाटेच्या बैठकीवर ठेव आणि श्वास सोडत उठ. जिथे जेवायला बसतेस तिथे एक दणकट लाकडी खुर्ची कायम ठेव.

एक दुखणं असं आहे की ते असेल तर मांडी आणि उकिडवं दोन्ही थांबवायचं. ओटीपोटाच्या अगदी पुढे, केसांच्या जागी जे हाड आहे तिथला सांधा. सलवारीत एक पाय घालताना, कुशीवर वळताना किंवा जिना चढताना तिथे कळ येत असेल, काही वेळा तिथे टकटक आवाजही येतो, तर पाय फाकवण्याने ती वाढते. तेव्हा खुर्चीवर, गुडघे एकमेकांपासून जेमतेम वीतभर अंतरावर ठेवून बसायचं, कूस बदलताना दोन्ही गुडघे जोडून वळायचं आणि संडाससाठी कमोडच वापरायचा. तुला आज हे दुखत नसेल, पण नवव्या महिन्यात सुरू होऊ शकतं, म्हणून लिहिलं. तुझं डोहाळजेवण नवव्यात असेल तर त्यासाठीही पाटाचा हट्ट नको. चौरंगावर किंवा सजवलेल्या खुर्चीवर बसूनही ओटी भरता येते, आणि साडीच्या निऱ्या पायात न येता तुला उठता येतं.

एवढं सांभाळूनही पडलीसच, तर पोटावर पडलीस की कमरेवर, याचा हिशोब घरी बसून करू नका. मार लागलाय असं वाटलं नाही तरी त्याच वेळी दवाखान्यात जाऊन बाळाचे ठोके काही तास तपासून घ्यायचे, कारण वार सुटायला लागली तर सुरुवातीला फक्त पोट घट्ट होतं किंवा कंबर दुखते. रक्त गेलं, पाणी गेलं, पोट दगडासारखं झालं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर १०८ किंवा १०२ ला फोन करायचा, कुणाची गाडी मिळते का हे शोधत बसायचं नाही. आणि तुझा रक्तगट आत्ताच तपासून ठेव. तो निगेटिव्ह असेल तर पडल्यानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागू शकतं. तुझं तपासणीचं कार्ड पुण्याच्या घरी राहिलं असेल तर आज नवऱ्याला सांगून त्याचा फोटो मागव, आणि रक्तगट एका कागदावर लिहून आईच्या बटव्यात ठेव.